उल्काताईंचे चार रकाने

उल्का खळदकर यांनी आजवर चारशे सत्तावीस प्रबंध अक्षर न अक्षर वाचले आहेत. पुण्यात एवढे प्रबंध वाचलेला दुसरा माणूस असेल असं मला वाटत नाही, आणि असलाच तर तो नक्कीच प्राध्यापक नसणार. आम्ही प्राध्यापक प्रबंधाचं शीर्षक वाचतो, अनुक्रमणिका चाळतो, संदर्भसूचीत आपलं नाव शोधतो आणि ते न सापडल्यास प्रबंध दर्जाहीन आहे असं मत बनवतो. उल्काताई मात्र सगळं वाचतात, कारण सगळं टाइप करतात.

नारायण पेठेत एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, बांधणीचं सामान आणि भिंतीवर एक पाटी: ‘शुद्धलेखन आमच्याकडे. संशोधन आपल्याकडे.’ ही पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो होतो. ती माझ्याबद्दल आहे हे कळायला नऊ महिने लागले.

उल्काताईंचं शिक्षण बारावी. मग टायपिंगचा क्लास, मग टाइपरायटर, मग संगणक. वय अठ्ठावन्न. चष्मा गळ्यात, टेबलाच्या खणात भाजलेले शेंगदाणे आणि बोलणं असं की समोरच्याला दोन मिनिटांनी कळावं आपल्याला टोचलंय. सकाळी मातीतल्या बुरशीवरचा प्रबंध, दुपारी सहकारी बँकांवरचा, संध्याकाळी कीर्तनपरंपरेवरचा. तिन्ही विषयांवर त्या दुसऱ्या दिवशी तुमच्याशी बोलू शकतात. फक्त कुणी बोलत नाही. बहुतेक संशोधक त्यांना म्हणतात, ‘‘ताई, तुम्ही फक्त टाइप करा.’’ मीही म्हणालो होतो. ते वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे ते माझ्या नरड्याशी येणार आहे.

त्यांच्याकडे एक वही असते. डिग्री मिळाल्यावर पोरं पेढे घेऊन येतात, तेव्हा पेढ्याचा खोका उघडायच्या आधी ताई वही उघडतात. ‘‘काय विचारलं?’’ मग तारीख, विद्यार्थ्याचं नाव, प्रश्न आणि शेवटच्या रकान्यात प्रश्न विचारणाऱ्याचं नाव. एकतीस वर्षांचे प्रश्न. कुठला परीक्षक नमुना किती घेतला ते विचारतो, कुठला संदर्भाच्या तारखा विचारतो, कुठला नुसता ‘‘मग यातून निष्पन्न काय?’’ म्हणून खुर्चीत मागे रेलतो, सगळं त्या वहीत. मात्र स्वतः उल्काताई एकाही व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, गेलेल्या नाहीत. सगळे निमंत्रण देतात, ‘‘यायचं हं ताई,’’ म्हणतात. ताई ‘‘हो हो’’ म्हणतात आणि दुकान उघडं ठेवतात.

आता माझ्याबद्दल. माझं नाव आमोद दांडेकर. एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. वय एकोणपन्नास, प्रबंधाला लागलेली वर्षं नऊ. प्रबंधाचं शीर्षक: ‘हडपसर परिसरातील महिला भाजीविक्रेत्यांचे वेळेचे व्यवस्थापन व कौटुंबिक श्रमविभागणी: एक समाजशास्त्रीय अभ्यास.’ पाने दोनशे अठरा. या नऊ वर्षांत माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचं शिक्षण, लग्न आणि माझ्याच खात्यात नेमणूक असं सगळं उरकलं. ती आता डॉक्टर आहे. स्टाफरूममध्ये मला ‘सर’ म्हणते तेव्हा मला माझं वय आणि तिचा संयम दोन्ही जाणवतात.

प्रबंध सादर झाला, दोन्ही परीक्षकांचे अहवाल चांगले आले, आणि व्हायव्हाची तारीख लागली: शुक्रवार, सकाळी अकरा. माझे गाईड डॉ. हिंमतराव जगदाळे जूनमध्ये निवृत्त होणार. म्हणजे व्हायव्हात काही बिघडलं, एखादं प्रकरण पुन्हा लिहा असं परीक्षकांनी सांगितलं, की नवा गाईड, नवे अर्ज, नवी मुदतवाढ आणि नव्याने स्टाफरूम. दहावं वर्ष मला परवडणारं नव्हतं. घरात बायकोने तर सांगूनच टाकलं होतं की, यापुढे ‘प्रबंध’ हा शब्द जेवणाच्या टेबलावर चालणार नाही.

जगदाळे सरांनी मला बोलावून सांगितलं, ‘‘हे बघ, परीक्षकांसमोर दोनशे अठरा पानं चाळत बसू नकोस. प्रत्येक प्रकरणाला एक पान कर. त्या प्रकरणाचा प्रश्न काय, तो कसा सोडवलास, सापडलं काय आणि परीक्षक त्यावर काय विचारतील. बस. सोमवारी दाखव.’’

मी घरी जाऊन कामाला लागलो आणि सोमवारी सरांसमोर एकेचाळीस पानं ठेवली. सरांनी ती हातात घेतली, वजन केलं आणि म्हणाले, ‘‘दांडेकर, हा तुझा दुसरा प्रबंध झाला. पहिल्याचा निकाल लागू दे की.’’

मग मी नारायण पेठ गाठली. मराठी टाइप करताना माझं एकच बोट चालतं आणि तेही विचार करत.

उल्काताईंनी एकेचाळीस पानं उलटसुलट पाहिली. ‘‘सर, हे बाजूला ठेवू. रद्दीत पाठकोरं चालतं.’’ मग संगणकावर एक कोरं पान घेऊन त्यांनी चार रकाने आखले. प्रश्न. पद्धत. निष्कर्ष. परीक्षक काय विचारतील. ‘‘एक प्रकरण, एक पान. सहा प्रकरणं, सहा पानं. अक्षर चौदाचं, म्हणजे घाबरल्यावरही वाचता येतं.’’

‘‘मी घाबरणार नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग बाराचं करते,’’ त्या म्हणाल्या आणि चौदाचंच ठेवलं.

पहिलं प्रकरण. मी सांगायला सुरुवात केली, ‘‘लिहा. प्रश्न: महिला विक्रेत्यांच्या वेळेच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करणे.’’

ताईंची बोटं कळफलकावर थांबली. ‘‘हा उद्देश झाला. प्रश्न कुठाय?’’

‘‘तोच की.’’

‘‘सर, प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह येतं. ‘अभ्यास करणे?’ असं लिहू का?’’

मला राग आला. मग मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. नऊ वर्षं मी ‘अभ्यास करणे’, ‘आढावा घेणे’, ‘मागोवा घेणे’ असं लिहीत आलो होतो. मला नेमकं काय जाणून घ्यायचं होतं हे मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. दहा मिनिटं आणि पाव वाटी शेंगदाणे खर्ची पडल्यावर मी म्हणालो, ‘‘मंडईत भाजी विकणाऱ्या बाईचा दिवस कुठे जातो, आणि तो कोण ठरवतं?’’

‘‘हं,’’ ताई म्हणाल्या आणि टाइप केलं. ‘‘हे शीर्षक दिलं असतंत तर मी वाचायला सुरुवातही आनंदाने केली असती.’’

दुसरं प्रकरण पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं. मी म्हणालो, ‘‘यात प्रश्न नसतो. यात फक्त इतरांनी काय लिहिलं ते असतं.’’

‘‘मग पानभर इतरांनी काय लिहिलं ते सांगून परीक्षकांना झोपवणार का? इतरांना काय ठाऊक नव्हतं हा प्रश्न नाही का?’’ त्यांनी वही उघडून दाखवली. आढाव्याच्या प्रकरणावर परीक्षक बहुतेक वेळा एकच विचारतात, निरनिराळ्या शब्दांत: या सगळ्यांत तुमची जागा कुठली? आम्ही ते लिहिलं. प्रश्न: फेरीवाल्यांवरच्या अभ्यासांत बाईच्या घरच्या कामाचे तास कुणी मोजले आहेत का? पद्धत: कुठली पुस्तकं, कुठले अहवाल, कुठल्या वर्षांपासूनचे, आणि कुठले सोडले व का सोडले. निष्कर्ष: विक्रीचे तास मोजलेत, घरचे नाहीत. मला स्वतःचाच आढावा पहिल्यांदा समजला.

तिसरं प्रकरण संशोधन पद्धतीचं. ‘बायका एकशेवीसच का?’, ‘त्या निवडल्या कशा?’, ‘सांगितलेलं खरं कशावरून?’ असे प्रश्न ताईंनी वहीतून भराभर काढले आणि मी भराभर उत्तरं दिली. नुसतं ‘उद्देशपूर्ण नमुना निवड’ म्हणून चालेना. ‘‘म्हणजे काय केलंत?’’ असं त्या विचारत, आणि मग मला सांगावं लागे की मंडईतल्या ओळींपैकी प्रत्येक ओळीतून काही बायका घेतल्या, फळभाज्या, कंदमुळं, पालेभाज्या सगळ्या याव्यात म्हणून. म्हणजे मी बरोबरच वागलो होतो. फक्त मोठा शब्द लिहून ते लपवलं होतं. चौथं प्रकरण तासांचं. सोमवार ते रविवार, प्रत्येक वाराचं वेळापत्रक प्रत्येक बाईकडून विचारलेलं. निष्कर्ष: पहाटे माल आणण्यापासून रात्री भांडी घासण्यापर्यंत सरासरी साडेतेरा तास काम, त्यातले प्रत्यक्ष विक्रीचे सातच. हे पान तर इतकं छान झालं की मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला.

मग पाचवं प्रकरण आलं. हे माझं लाडकं. यावर मी दोन चर्चासत्रांत निबंध वाचले होते, आणि एकदा टाळ्याही मिळाल्या होत्या. प्रश्न: घरातले पुरुष या बाईच्या कामात किती वाटा उचलतात? पद्धत: प्रत्यक्ष गाळ्यावर जाऊन विचारणं, ‘आज तुमच्याबरोबर मदतीला कोण आहे?’ निष्कर्ष: एकशेवीसपैकी एकाहत्तर जणींच्या गाळ्यावर नवरा, मुलगा किंवा दीर होता. म्हणजे दर पाच जणींमागे तिघी. मी पुढे लिहिलं होतं, ‘यावरून कष्टकरी कुटुंबांतील पुरुषांच्या मानसिकतेत लक्षणीय परिवर्तन घडून येत असल्याचे स्पष्ट होते.’

ताईंनी निष्कर्षापर्यंत टाइप केलं. मग चौथ्या रकान्यात, मी काही सांगायच्या आधीच, स्वतः टाइप केलं: ‘रविवारीच का गेलात?’

हा प्रश्न मी आधी ऐकला होता.

नऊ महिन्यांपूर्वी, प्रबंध टाइप होत असताना. परिशिष्ट तीनमध्ये मी मंडईला दिलेल्या भेटींच्या तारखा दिल्या होत्या. चोवीस भेटी, प्रत्येक भेटीत पाच मुलाखती. प्रबंधात मी लिहिलं होतं, ‘निवडक दिवशी क्षेत्रभेटी देऊन माहिती संकलित करण्यात आली.’ कुणी केली, कुठल्या दिवशी केली, हे ‘करण्यात आली’च्या पोटात गडप. उल्काताईंना भिंतीवरच्या कॅलेंडरशी तारखा पडताळायची खोड आहे. चुकीची तारीख छापली तर नाव दुकानाचं जातं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जुनी कॅलेंडरं काढून चोवीस तारखा पाहिल्या आणि विचारलं, ‘‘सर, या चोवीसही तारखा रविवारच्याच आहेत. रविवारीच का गेलात?’’

आणि मी म्हणालो, ‘‘ताई, तुम्ही फक्त टाइप करा.’’

त्यांनी टाइप केलं. मी विसरलो. म्हणजे विसरलो असं स्वतःला सांगितलं. रविवारी गेलो, कारण सोमवार ते शनिवार मला तासिका असतात. आणि रविवारी मंडईत बाईच्या शेजारी नवरा दिसतो, कारण रविवारी त्याला सुटी असते आणि पोरालाही शाळा-कॉलेज नसतं. हे कळायला समाजशास्त्र लागत नाही. उलट समाजशास्त्रच लागलं नसतं तर मला ते आधी कळलं असतं.

‘‘ताई, ही ओळ काढा,’’ मी म्हणालो.

‘‘का?’’

‘‘दोन परीक्षकांनी प्रबंध वाचला, सरांनी वाचला. कुणाच्या लक्षात आलं नाही. आपणहून कशाला ओढवून घ्यायचं?’’

‘‘मग उत्तर काय आहे तुमचं?’’

‘‘उत्तर नाहीये. म्हणून तर काढा म्हणतोय.’’

ताईंनी चष्मा गळ्यात सोडला. ‘‘सर, चौथा रकाना परीक्षक काय विचारतील याचा आहे. तुम्हाला काय येतं याचा नाही. तुम्ही सांगितलेलं मी हवं तितकं पुसेन. हे माझं आहे, हे मी पुसत नाही.’’

पुण्यात टंकलेखकाशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. मी सहा पानं घेतली आणि पाचव्या पानाचा खालचा काठ अशा बेताने दुमडला की ती ओळ घडीत गेली. जगदाळे सरांना दाखवतानाही ती घडीतच राहिली. सर खूश झाले. ‘‘हे बघ, असं असतं! कुणी केलं?’’

‘‘मीच,’’ मी म्हणालो. असं बोलताना आता मला लाज वाटत नव्हती, इतका मी तयार झालो होतो.

दुकानातून निघताना उपचार म्हणून मी उल्काताईंना म्हणालो होतो, ‘‘शुक्रवारी अकराला, विद्यापीठात, आमच्या विभागात. यायचं हं ताई.’’ त्या ‘‘हो हो’’ म्हणाल्या होत्या.

शुक्रवारी मी ठेवणीतला कोट घातला. तो लग्नातला आहे, त्यामुळे त्याचं बटण लागत नाही, पण मी ते मुद्दाम उघडं ठेवलं आहे असं दिसावं म्हणून मी तिन्ही बटणं उघडी ठेवली. सभागृहात जेमतेम पंचवीस माणसं. काही विद्यार्थी, दोन सहकारी, माजी विद्यार्थिनी-सहकारी डॉक्टर बाईही, आणि समोर बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक डॉ. कादंबरी ठोसर. शांत चेहऱ्याच्या, हातात पेन्सिल, प्रबंधाला जागोजाग चिकटवलेले पिवळे कागद. ते पिवळे कागद मी मोजले नाहीत.

मी खिशातली सहा पानं चाचपली आणि सादरीकरण सुरू केलं. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि उल्काताई आत आल्या. इस्त्रीची साडी, गळ्यात चष्मा. शेवटच्या रांगेत बसल्या. मला बरं वाटलं. आपलं माणूस आलं, असं वाटलं. माणसाला कधी काय वाटेल सांगता येत नाही.

ठोसर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘तुमच्या संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात सांगता येईल?’’

थोड्या दिवसांपूर्वीचा मी इथे पाच मिनिटं बोललो असतो. मी म्हणालो, ‘‘मंडईत भाजी विकणाऱ्या बाईचा दिवस कुठे जातो, आणि तो कोण ठरवतं?’’ बाईंनी मान वर करून पाहिलं आणि पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मग ‘एकशेवीसच का?’ आलं. ‘त्या निवडल्या कशा?’ आलं. ‘पूर्वीच्या अभ्यासांत तुमची जागा कुठली?’ तेही आलं. उल्काताईंच्या वहीतले प्रश्न एकापाठोपाठ एक येत होते आणि मी खिशाला हातही न लावता उत्तरं देत होतो. जगदाळे सरांच्या चेहऱ्यावर मी नऊ वर्षांत पहिल्यांदा अभिमान पाहिला. पाचव्या प्रकरणावर बाईंनी फक्त एक संदर्भ विचारला, तो मी दिला. ‘‘समाधानकारक आहे,’’ त्या म्हणाल्या.

झालं. संपलं. मी डॉक्टर झालो, असं माझ्या मनाने ठरवूनही टाकलं. नावाच्या पाटीवर ‘डॉ.’साठी जागा आहे का, हेही आठवून झालं.

अध्यक्ष असलेले विभागप्रमुख म्हणाले, ‘‘ही खुली मौखिक परीक्षा आहे. उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं असल्यास विचारावं.’’ असं म्हणून त्यांनी प्रथेप्रमाणे फाइल मिटायला घेतली. या प्रश्नावर कधीच कुणी हात वर करत नाही. सगळे चहाकडे पाहत असतात.

शेवटच्या रांगेत एक हात वर झाला.

‘‘मी उल्का खळदकर,’’ ताई उभ्या राहून म्हणाल्या. आवाज थोडा कापत होता, हे मला आता आठवतं, तेव्हा कळलं नव्हतं. ‘‘मला पाचव्या प्रकरणाबद्दल विचारायचं आहे. आपण चोवीस वेळा मंडईत गेलात. चोवीसही वेळा रविवारी. रविवारीच का गेलात?’’

ठोसर बाईंनी प्रबंध उलटून शेवटी परिशिष्ट काढलं. मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. पहिली तारीख, दुसरी तारीख, तिसरी. मी त्यांच्या बोटाकडे पाहत होतो. दहावं वर्ष, नवा गाईड, स्टाफरूम, जेवणाचं टेबल, सगळं त्या बोटाच्या टोकाला आलं होतं.

मला दोन उत्तरं सुचली. एक, ‘विक्रीचा सर्वाधिक गर्दीचा दिवस म्हणून सहेतुक निवड.’ हे खोटं होतं आणि छान होतं. मी ते बोलायला तोंडही उघडलं. मग शेवटच्या रांगेत पाहिलं. ताई अजून उभ्याच होत्या. मी खिशातून पान काढलं, घडी उलगडली आणि ती ओळ वाचली. समोर उत्तराची जागा रिकामी होती.

‘‘रविवारी गेलो, कारण इतर दिवशी मला कॉलेज असतं,’’ मी म्हणालो. ‘‘माझ्या सोयीने गेलो. आणि रविवारी घरातल्या पुरुषांनाही सुटी असते. त्यामुळे एकाहत्तर जणींच्या गाळ्यावर पुरुष दिसले, एवढंच मी म्हणू शकतो. पुरुषांची मानसिकता बदलली असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. कदाचित त्या दिवशी ते फक्त घरी रिकामे होते. चौथ्या प्रकरणातले तास प्रत्येक वाराचे वेगळे विचारले आहेत, त्यामुळे ते टिकतात. पाचव्या प्रकरणाचा निष्कर्ष रविवारपुरताच धरावा लागेल.’’

‘‘हे तुमच्या कधी लक्षात आलं?’’ ठोसर बाईंनी विचारलं.

‘‘नऊ महिन्यांपूर्वी. याच बाईंनी विचारलं होतं.’’

‘‘मग प्रबंधात का नाही लिहिलंत?’’

‘‘लाज वाटली,’’ मी म्हणालो. एवढ्या लोकांसमोर हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला, आणि तो माझ्या प्रबंधातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा सोपा होता.

समिती शेजारच्या खोलीत गेली. दहा मिनिटं लागली. मी सभागृहात कोटाची बटणं लावायचा प्रयत्न करत उभा होतो. ती लागली नाहीत. ताई जाग्यावरच बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहायची मला हिंमत झाली नाही, आणि रागही खूप आला होता, तेही सांगून टाकतो. आपलंच माणूस म्हणून बरं वाटलं होतं ना, म्हणून जास्त.

बाहेर येऊन ठोसर बाई म्हणाल्या, ‘‘पदवीची शिफारस करत आहोत. एका अटीवर. पाचव्या प्रकरणाचा निष्कर्ष रविवारपुरता मर्यादित करायचा आणि सहाव्या प्रकरणात मर्यादांचं एक पान घालायचं. तारखांसकट.’’ मग म्हणाल्या, ‘‘मी हा प्रबंध दोनदा वाचला. मला दिसलं नाही.’’ जगदाळे सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि कानाशी म्हणाले, ‘‘गाढवा, घडीत काय लपवतोस?’’ म्हणजे त्यांनाही ती ओळ दिसली होती.

टाळ्या झाल्या. मागे वळून पाहिलं तर ताई निघून गेल्या होत्या.

दुपारी पेढे घेऊन नारायण पेठेत गेलो. शटरवर अजून कागद लटकत होता: ‘आज दुपारी दोनपर्यंत दुकान बंद. व्हायव्हाला गेले आहे.’ एकतीस वर्षांत त्या शटरवर असा कागद लागला नव्हता, असं शेजारच्या स्टेशनरीवाल्या पोपटरावांनी मला न विचारता सांगितलं.

ताई आत होत्या. मर्यादांच्या पानासाठी कोरी फाइल उघडूनच बसल्या होत्या. मी खोका टेबलावर जरा जोरातच ठेवला.

‘‘का विचारलंत?’’ मी म्हणालो. ‘‘संपलं होतं सगळं. माझं काय झालं असतं?’’

‘‘पुन्हा मंडईत जावं लागलं असतं,’’ ताई म्हणाल्या. ‘‘सोमवारी.’’

त्यांनी शेंगदाण्याचा खण उघडला, बंद केला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘‘सर, एकतीस वर्षं प्रत्येक प्रबंध टाइप करताना मला काही ना काही विचारायचं असतं. कुणी ऐकून घेत नाही. बरोबरच आहे, मी कोण? पण अध्यक्षांनी विचारलं ना, कुणाला काही विचारायचं आहे का. ते खरंच विचारतात, हे मला ठाऊकच नव्हतं. पोरं सांगताना हे कधी सांगत नाहीत.’’

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. नऊ महिन्यांपूर्वी मी याच टेबलापाशी म्हणालेलं वाक्य तेवढं आठवलं, आणि लाज वाटली. या वेळी मात्र लपवावीशी वाटली नाही. ‘‘ताई,’’ मी म्हणालो, ‘‘तेव्हा फक्त टाइप करा म्हणालो, ते चुकलं माझं.’’

‘‘हं,’’ ताई म्हणाल्या. मग खोका बाजूला सरकवून त्यांनी वही उघडली. तारीख लिहिली. माझं नाव लिहिलं. प्रश्नाच्या रकान्यात लिहिलं, ‘रविवारीच का गेलात?’

शेवटच्या, प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थोडा वेळ थांबलं. वर चारशे सव्वीस ओळी, सगळी डॉक्टरांची नावं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, ‘उल्का खळदकर.’

मग म्हणाल्या, ‘‘घ्या सर, आता पेढे उघडा.’’